ग्रेटिंगच्या प्रतिमा आणि फॉर्म्युल्यातला 2

ग्रेटिंग म्हणजे एकसारख्या बारीक रेघांची पट्टी. तिच्यावर समांतर लेझर पाडला की पुढं 2d²/λ अंतरावर लेन्सशिवायच त्या रेघांची प्रतिमा परत उमटते, असा फॉर्म्युला मी दिला होता. यात d म्हणजे रेघांमधलं अंतर आणि λ म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी. त्यावर वाचकाची प्रतिक्रिया: "सर, तुमचा फॉर्म्युला प्रॅक्टिकलला टिकत नाही. मिलिमीटरला 10 रेघांचं ग्रेटिंग, निम्मं उघडं निम्मं बंद, हेलियम-निऑन लेझर. तुमच्या हिशोबानं पहिली प्रतिमा 31.6 मिमीला पाहिजे, आम्हाला 16.7 लाच स्पष्ट दिसली, पुढची 35.3 ला. अंतरं पण सारखी नाहीत. मग तो 2 कशाला? आणि शेवटी ही ग्रेटिंगची सावलीच ना?"

आकडे दिलेत हे लई बरं केलंत, त्यामुळं नेमकं बोलता येतंय. तुमचं मोजमाप चांगलंय आणि फॉर्म्युलाही बरोबर आहे, दोन्ही एकमेकांत बसतात कसे बघा.

आधी तो 2. ग्रेटिंगमधनं प्रकाश वेगवेगळ्या ऑर्डरमध्ये फुटतो, शून्य, पहिली, दुसरी असा. प्रत्येक ऑर्डर थोड्या तिरक्या वाटेनं जाते, त्यामुळं सरळ जाणाऱ्या शून्य ऑर्डरच्या तुलनेत तिच्या फेजमध्ये फरक पडत जातो, आणि n व्या ऑर्डरचा हा फरक असतो πλzn²/d². यात z म्हणजे ग्रेटिंगपासनं अंतर आणि d म्हणजे एका रेघेपासनं पुढच्या रेघेपर्यंतचं अंतर, तुमच्याकडं 0.1 मिमी. आता z = 2d²/λ घाला, सगळ्यांचा फरक 2π च्या पूर्ण पटीत येतो, म्हणजे सगळ्या ऑर्डर ग्रेटिंगपाशी होत्या तशाच जुळतात आणि हुबेहूब प्रतिमा मिळते. 632.8 नॅनोमीटरला ते अंतर 31.6 मिमी.

पण त्याच्या निम्म्यावर, d²/λ ला, सम ऑर्डर जुळलेल्या असतात आणि विषम बरोब्बर उलट्या. याचा परिणाम एवढाच की अख्खी प्रतिमा अर्ध्या रेघेनं, 0.05 मिमीनं, बाजूला सरकते. स्पष्ट तेवढीच असते. तुम्ही बघितली ती ही सरकलेली प्रतिमा, आणि काळ्या जागी पांढरं, पांढऱ्या जागी काळं झालं तरी नुसत्या डोळ्याला दोन्ही सारख्याच रेघा दिसणार. 1881 मध्ये रेलेनं जे अंतर काढलं ते 2d²/λ, म्हणजे न सरकता प्रतिमा परत येते ते. टॅलबॉटनं हा प्रकार आधीच, 1836 मध्ये, बघितला होता.

आता 15.8 च्या जागी 16.7 का. माझ्या अंदाजानं तुमचा बीम समांतर नाही, लेन्सनं फाकवलाय आणि तसाच ग्रेटिंगवर सोडलाय. प्रकाश ग्रेटिंगच्या मागं R अंतरावरच्या बिंदूतनं फाकत येत असेल तर प्रतिमा लांब ढकलली जाते, 1/z = 1/z₀ − 1/R, यात z₀ म्हणजे समांतर प्रकाशाला येणारं अंतर. तुमच्या पहिल्या आकड्यातनं R काढला तर साधारण 294 मिमी येतो, दुसऱ्यातनं साधारण 302. दोन वेगळ्या मोजमापांतनं R जवळजवळ एकच येतोय, हीच खूण. अंतरं सारखी का नाहीत तेही यातच आलं. अजून खात्री करायची तर रेघा मोजा, 35.3 ला त्या मूळच्या 1.12 पट रुंद झालेल्या असणार. फाकणारा बिंदू लेन्सच्या फोकसवर आणून आधी बीम समांतर करा, मग 15.8 आणि 31.6 येतील.

सावलीचं म्हणाल तर त्याची परीक्षा मधल्या जागेत आहे. तुमच्याच सेटअपमध्ये कॅमेरा 8.1 मिमीच्या आसपास आणा. निम्मं उघडं ग्रेटिंग असल्यामुळं तिथं मूळ आणि सरकलेली प्रतिमा सारख्याच जोरानं एकमेकांवर येतात, एकीच्या काळ्यात दुसरीची पांढरी बसते आणि रेघा जातात, सपाट उजेड उरतो. पुढं 16.7 ला त्या परत येतात, 25.7 ला परत जातात. सावली लांब जाईल तशी धूसर होत जाते, नाहीशी होऊन पुन्हा धारदार होत नाही. (अरुंद फटींचं ग्रेटिंग असतं तर तिथं रेघा जायच्या ऐवजी दुप्पट झाल्या असत्या.)

अर्ध्या रेघेचं सरकणं स्वतः बघायचं तर कॅमेऱ्याची लेन्स काढून नुसता सेन्सर वापरा आणि तो सरकवायची रेल सरळ पाहिजे, 16 मिमीच्या प्रवासात 0.025 मिमीपेक्षा जास्त बाजूला जायला नको, नाहीतर सरकली प्रतिमा का सेन्सर ते कळणार नाही. लॅबमधल्या लाकडी बेंचवर हे होत नाही. उद्यमनगरात लेथवाल्याकडनं चांगली डोव्हटेल स्लाइड करून घ्या. बीम मात्र आधी समांतर पाहिजे, कारण फाकणाऱ्या प्रकाशात रेघा मधल्या अक्षापासनं बाहेर पसरतात आणि कडेची रेघ बघितली तर ते पसरणंच सरकण्यासारखं वाटतं.

आणि बीम रुंद ठेवा. पहिली ऑर्डर एका पूर्ण अंतरात दोन रेघांएवढी, 0.2 मिमी, बाजूला जाते, वरच्या ऑर्डर त्या पटीत जास्त. 1 मिमीच्या बारीक बीमात जेमतेम 10 रेघा येतात, चार-पाच प्रतिमांनंतर ऑर्डर एकमेकांवर राहतच नाहीत आणि मग प्रतिमा कडांकडनं आत विरत जाते. तुमच्या पुढच्या प्रतिमा फिक्या येत असतील तर पहिलं हे तपासा.