चक्कर, मीठ-पाणी आणि मानेचा पट्टा: त्या मेसेजला उत्तर

"उभं राहताना चक्कर आली म्हणजे बीपी लो झालाय, लगेच मीठ-साखरेचं पाणी घ्या. घर गरगर फिरत असेल तर मानेचा मणका दबलाय, पट्टा लावा. कानाचा आणि चक्करचा काही संबंध नाही. सीटी स्कॅन नॉर्मल आला तर घाबरायचं कारण नाही. सर्व ग्रुपवर पाठवा."

तासगाव भागात प्रॅक्टिस करताना या मेसेजचे परिणाम मी रोज बघतो. त्यातला प्रत्येक सल्ला कुणा ना कुणाला महागात पडलेला आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा बीपीचा. यात अर्धं खरं आहे आणि तेच घातक आहे. उभं राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतं, ते वर ढकलायला शरीर कमी पडलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात आणि बसलं की बरं वाटतं. पण सकाळी अंथरुणातून उठतानाची चक्कर कानाचीही असू शकते, कारण उठताना नुसता बीपी बदलत नाही, डोक्याची दिशाही बदलते. फरक ओळखायचा तर एक प्रश्न विचारायचा: पडल्या पडल्या कूस बदलताना चक्कर येते का? उभं राहिल्याने उतरणारा बीपी झोपलेल्या माणसाला कुशीवर वळताना त्रास देत नाही. कान मात्र तेव्हाच देतो.

द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या साठीच्या एका मावशींचंच बघा. रक्तदाबाची एक गोळी चालू. सकाळी उठताना चक्कर येते म्हणून त्या मीठ-पाणी पीत होत्या आणि मुलाने मानेला पट्टा आणून दिला होता. विचारलं, "मावशी, झोपेत उजवीकडं वळला तर?" म्हणाल्या, "तवाच तर आढं फिरतंय! आन् मंडपाखाली मान वर करून घड विरळायला लागलं की पुन्हा तसंच." किती वेळ? मनात वीस-तीस आकडे मोजेपर्यंत. नंतर थोडं मळमळतं, पण गरगरणं थांबलेलं असतं.

तरीही बीपी मोजलाच. पाच मिनिटं आडवं झोपवून 146/84. उभं करून एका मिनिटाने 142/86, तीन मिनिटांनी 144/86. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर आपण त्याला उभं राहण्याचा लो बीपी म्हणतो. इथे तो उतरलाच नव्हता. म्हणजे हाय बीपीच्या बाईला आम्ही मीठ पाजत होतो.

मग टेबलावर बसवून डोकं उजवीकडे 45 अंश वळवलं आणि त्यांना झटकन मागे झोपवलं, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं लोंबेल असं. दोन-चार सेकंद काही नाही. मग डोळे गोल फिरत वरच्या बाजूला झटके देऊ लागले, मावशींनी माझा हात घट्ट धरला आणि अर्ध्या मिनिटात सगळं शांत झालं. डावीकडे तेच केलं तर काही नाही. दुखणं उजव्या कानाचं होतं.

इथेच तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर मिळतं. आतल्या कानात ऐकण्याच्या भागाला लागूनच तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. शेजारच्या पिशवीतले कॅल्शियमचे बारीक कण सुटून त्यातल्या एका नळीत शिरतात. डोकं हललं की ते घरंगळतात, आतला द्रव ढवळतो आणि मेंदूला खोटा निरोप जातो की आपण फिरतोय. कण स्थिर झाले की निरोप थांबतो, म्हणून ही चक्कर सहसा एका मिनिटाच्या आत संपते. यात ऐकू कमी येत नाही, त्यामुळे लोकांना कानाचा संशयच येत नाही. उलट एक कान भरल्यासारखा वाटणं, त्यात आवाज येणं, ऐकू कमी होणं आणि वीस मिनिटांपासून काही तास गरगरणं हा आतल्या कानाचाच वेगळा आजार आहे. तो कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावा.

मावशींना गोळी लागली नाही. ज्या स्थितीत चक्कर आली तिथेच मिनिटभर ठेवलं, मग डोकं डावीकडे 90 अंश वळवलं, पुन्हा थांबलो, मग अंगासकट डाव्या कुशीवर घेऊन नाक जमिनीकडे केलं, पुन्हा थांबलो आणि सावकाश उठवून बसवलं. अमेरिकेतले डॉक्टर जॉन एप्ली यांनी ही पद्धत शोधली. कण नळीतून फिरत मूळ पिशवीत परततात. पुष्कळांना एक-दोन वेळातच आराम पडतो, काहींना काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते. मात्र बाजू तपासून कळल्याशिवाय व्हिडिओ बघून घरी करू नका.

मानेच्या पट्ट्याबद्दल थोडक्यात: पन्नाशीनंतर मानेच्या एक्स-रेत झीज बहुतेकांना दिसतेच. ती दिसली म्हणजे चक्करचं कारण सापडलं असं नाही. आणि पट्टा लावला तरी नळीतले कण हटत नाहीत. प्रोक्लोरपेराझिनसारखी चक्करची गोळी महिनोन्‌महिने खाणंही तितकंच चुकीचं, कारण म्हाताऱ्या माणसात तिने हात थरथरतात, चाल मंदावते आणि उभं राहिल्यावरचा बीपी आणखी उतरू शकतो.

खरोखर बीपी उतरणाऱ्यांना तरी मीठ-साखर द्यावी का? आधी कारण शोधा. माझ्याकडे येणाऱ्यांत ते बहुतेकदा औषधाच्या पिशवीत सापडतं: बीपीची गोळी, लघवी जास्त करणारी गोळी, प्रोस्टेटसाठी नवीन सुरू झालेली टॅमसुलोसिन. रात्री लघवीला उठून पडणाऱ्या आजोबांच्या या तिन्ही चिठ्ठ्या एकत्र ठेवून बघा. जुन्या मधुमेहात नसा कमजोर होऊनही बीपी उतरतो आणि त्या माणसाला साखरपाणी देणं चूक. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर मीठ आणखी वाईट. उन्हात काम किंवा जुलाब झाले असतील तर पाणी हवंच. पण शौच डांबरासारखं काळं होत असेल, तर आत रक्तस्राव चालू असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळ्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांकडून बदलून घेईपर्यंत उठताना पाय खाली सोडून मिनिटभर बसा आणि लघवीही बसूनच करा. काम करता करता, छातीत धडधडून किंवा अजिबात सूचना न देता शुद्ध हरपली, तर ईसीजी हवा.

राहिला सीटी स्कॅन. वर सांगितलेल्या चकरा येतात आणि जातात. अचानक सुरू होऊन तासन्‌तास न थांबणारी चक्कर हे वेगळं प्रकरण आहे. ती कानाच्या नसेच्या सुजेची असू शकते, पण लहान मेंदूच्या लकव्याचीही असू शकते आणि असा ताजा लकवा पहिल्या काही तासांत साध्या सीटीत बऱ्याचदा दिसत नाही. सीटीने रक्तस्राव चांगला दिसतो, एवढंच. म्हणून स्कॅनइतकंच माणसाकडे बघा. आधाराशिवाय बसता किंवा उभं राहता येत नाही, एकाचे दोन दिसतात, बोलणं जड झालं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय बधिर किंवा अडखळतोय, गिळताना ठसका लागतो, डोक्यात किंवा मानेत कधी नव्हती अशी कळ आली: यातलं एकही असेल तर सकाळची वाट बघू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि जत किंवा आटपाडीहून मिरज गाठण्यातच त्यातला मोठा वेळ जातो. 108 ला फोन करा, तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका, आणि माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता होता ते कागदावर लिहून सोबत पाठवा.