ठिबकच्या दुकानाला ब्लॉग कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

"सर, दुकानदारानं ब्लॉग लिहावा म्हणता, पण तासगावला ठिबकचं दुकान आहे माझं. शेतकरी फोन करतो, ब्लॉग वाचत बसत नाही. आणि सगळं लिहून दिलं तर तो घरीच करून घेईल, माझ्याकडं येईल कशाला? हे सगळं पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी ठीक आहे."

दादा, तुमच्या शेजारी वडापावची गाडी असेल तर तिला ब्लॉग नकोच, गूगल मॅपवर वेळ आणि फोटो टाकले की झालं. गिऱ्हाईक घ्यायच्या आधी विचार करतं का आणि तोच तो प्रश्न तुम्हाला परत परत येतो का, एवढंच बघायचं. तुम्हाला येतो. काउंटरवर एक वही ठेवा आणि फोनवर जे विचारलं जातं ते त्यांच्याच शब्दात लिहा, 'ड्रीपर बंद पडलेत, ॲसिड किती सोडू' असं. तोच तुमचा विषय. 'ठिबकचे फायदे' लिहू नका, ते कंपन्यांनी कधीच लिहून ठेवलंय.

आता हा एकच प्रश्न घ्या. ड्रीपर फोडून बघायला सांगा: आत पांढरं खरखरीत असेल तर क्षार, हिरवं-बुळबुळीत असेल तर शेवाळ. क्षाराला ॲसिड, शेवाळाला क्लोरीन, आणि दोन्ही एकत्र कधीच नाही, विषारी वायू होतो. ॲसिडचं प्रमाण प्रत्येक विहिरीचं वेगळं, म्हणून त्याच पाण्याची बादली घेऊन मोजून थोडं थोडं ॲसिड टाकत पीएच पेपरवर ४ च्या आसपास येईपर्यंत बघायचं (ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही!), त्या हिशोबानं लाईनीत सोडायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी आधी सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह, मग लॅटरलच्या एंड कॅप उघडून गढूळ पाणी जाईपर्यंत धुवायचं. फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं प्रेशर बघायलाही सांगा, फरक ०.५ किलोच्या पुढं गेला असेल तर आधी फिल्टर धुवा, बाकीचं नंतर.

हे वाचून काही जण घरी करतील, करू देत की. पण बादलीचं माप जुळेना, नाहीतर धुऊनही लाईनीच्या टोकाला पाणी पोचेना, की तो ज्यानं एवढं नीट सांगितलं त्यालाच फोन लावणार, आणि ते काम चार एंड कॅप विकण्यापेक्षा मोठं असतं.

वाचत नाहीत म्हणता, तर वाचायला कोण सांगतंय, फोन आला की 'लिंक पाठवतो, आधी ड्रीपर फोडून फोटो टाका' म्हणायचं आणि व्हॉट्सॲपवर टाकायची, तुमचीही तेवढी दहा मिनिटं वाचतात. पुढच्या वेळी फोटोसकट फोन आला तर समजा चाललंय. वर्षभर लिंक टाकूनही लोक तेच पहिल्यापासून विचारत असतील तर बंद करा, मी आग्रह धरणार नाही.

आणि अनुदानाचे आकडे तेवढे लिहू नका, ते बदलतात आणि जुना आकडा दाखवून माणूस तुमच्याशीच भांडतो. लेख द्राक्षाच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीआधी टाका, बाग बघायला माणूस तेव्हाच मोकळा असतो.