९२१६ ऐवजी ४६०० दिसले, म्हणजे आवाज कापला असे नाही

'जाहिरातीत २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ लिहितात. गुणाकार केला तर सेकंदाला ९२१६ किलोबिट हवेत, पण अ‍ॅपमध्ये ४६००च दिसतात. अर्धा आवाज कापून देतात! बिटरेट जास्त, तोच आवाज चांगला.' (ठाण्यातील सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा संदेश)

गुणाकार बरोबर आहे: सेकंदाला १,९२,००० नमुने हा सॅम्पल रेट, प्रत्येकी २४ बिट ही बिट डेप्थ आणि दोन चॅनेल. मात्र हा आकडा कॉम्प्रेस न केलेल्या ध्वनीचा आहे, आणि गाणी ऐकवणाऱ्या अशा सेवा बहुधा फ्लॅकसारख्या लॉसलेस, म्हणजे काहीही न टाकता फाईल लहान करणाऱ्या स्वरूपात ध्वनी पाठवतात. फ्लॅक मागच्या नमुन्यांवरून पुढच्या नमुन्याचा अंदाज बांधतो आणि तो जितका चुकला तेवढेच साठवतो. ऐकताना प्लेअर तोच अंदाज पुन्हा बांधून त्यात ती चूक मिळवतो, त्यामुळे मूळ नमुना जसाच्या तसा परत येतो. नुसत्या तानपुऱ्याचा अंदाज सोपा असतो, ढोलताशाचा अवघड. म्हणूनच दोन्हींचा सॅम्पल रेट आणि बिट डेप्थ एकच असूनही तानपुऱ्याचा बिटरेट बराच कमी भरतो, आणि त्यात कापलेले काहीही नसते.

'बिटरेट जास्त, तोच चांगला' हा नियम एमपी३सारख्या, ध्वनीचा काही भाग टाकून देणाऱ्या स्वरूपापुरता आणि तिथेही एकाच कोडेकमध्ये, म्हणजे ध्वनी लहान करण्याच्या एकाच पद्धतीत, तुलना करताना ठीक आहे. दोन लॉसलेस फाईलींना तो लावता येत नाही.

सॅम्पल रेटवरून सर्वांत उंच कोणती वारंवारता नोंदवता येईल एवढेच ठरते: त्याच्या निम्मी. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झमध्ये सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी मावतो, तर तरुण कानाची मर्यादा साधारण २० आहे. बिट डेप्थ गोंगाटाची तळपातळी ठरवते. १६ बिटमध्येच सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, आणि घोडबंदर रोडकडे खिडकी असलेल्या खोलीत तेवढाही वापरला जाणार नाही. २४ बिटचा खरा उपयोग रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करताना होतो.

शंका घ्यायचीच असेल तर ती वेगळ्या ठिकाणी घ्यावी. १६ बिटच्या ध्वनीला मागे आठ शून्ये जोडून '२४ बिट' म्हटले, तर फ्लॅक ती शून्ये ओळखतो आणि त्यांच्यावर जागा खर्च करत नाही. अशा फाईलचा बिटरेट १६ बिटच्या आवृत्तीइतकाच राहतो. सीडीच्या दराचा ध्वनी फुगवून १९२ किलोहर्ट्झ केला असेल, तर विकत घेतलेली फाईल ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या वारंवारता आहेत याचे चित्र, पाहावा: २२ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ आणि त्यावर सगळा काळोख दिसतो. माइकची मर्यादा किंवा वाद्याचा स्वभाव यांमुळे उंच स्वर हळूहळू विरतात, असे सरळ तुटत नाहीत.

आणि हे सारे ब्लूटूथ हेडफोनवर ऐकत असल्यास एलडॅक कोडेकचीही कमाल ९९० किलोबिटच आहे. ४६०० असोत वा ९२१६, कानापर्यंत पोहोचण्याआधी ध्वनीतला काही भाग फोनच टाकून देतो.