परदेशातून: खोक्यामागची साखर आणि मिठाची खूण

"मावशी, तिकडे म्हणे नाश्त्याच्या सीरिअलच्या खोक्यावर साखर लपवताच येत नाही. मग आपल्याकडे माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, फ्रूट कॉन्सन्ट्रेट असली नावं का चालतात? सगळी साखरच ना ती?"

भाचीच्या या मेसेजखाली आमच्या घरच्या ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालली होती. मी अमेरिकेत अकरा वर्षं राहते, त्यामुळे 'तिकडे'चा निकाल मी द्यावा अशी सगळ्यांची अपेक्षा होती. लपवता येत नाही हे खरं नाही, हे आधी सांगते. इथे काय उघडं पडतं आणि काय सुटतं, हे तिच्या तीन नावांवरूनच कळतं.

डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज. ती साखरच आहे आणि आकड्यात साखर म्हणूनच मोजली जाते. फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट म्हणजे पाणी काढून आटवलेला रस. सफरचंदाच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये वजनाच्या साधारण ६० ते ७० टक्के साखर असते. अमेरिकेत २०१६ साली नवं लेबल ठरलं, मोठ्या कंपन्यांना ते १ जानेवारी २०२० पासून बंधनकारक झालं आणि 'अ‍ॅडेड शुगर्स' ही वेगळी ओळ आली. सीरिअलला गोडी आणायला घातलेल्या कॉन्सन्ट्रेटची साखरही या ओळीत धरावी लागते. म्हणजे यादीत नाव कितीही फळाफुलांचं असलं, तरी आकड्यातून ते निसटत नाही.

माल्टोडेक्स्ट्रिन मात्र निसटतं. मक्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्या स्टार्चची लांब साखळी एन्झाइमने तोडून आखूड केली की ते तयार होतं. कायद्यात 'साखर' म्हणजे एकेरी आणि दुहेरी रेणू, आणि माल्टोडेक्स्ट्रिनचे बहुतेक तुकडे त्याहून लांब असतात. त्यामुळे ते कर्बोदकांच्या एकूण आकड्यात येतं, पण साखरेच्या आकड्यात जवळजवळ येतच नाही. ही व्याख्या इथेही तीच आहे आणि भारतातही. पोटात गेल्यावर मात्र त्या आखूड साखळ्या झटपट सुटतात आणि रक्तातलं ग्लुकोज वेगाने वाढतं.

माझा मामेभाऊ साखरेच्या छपन्न नावांची यादी जपून ठेवतो आणि दर आठवड्याला ग्रुपवर टाकतो. त्याच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन अगदी वर आहे. शरीरावरच्या परिणामाबद्दल तो बरोबर आहे, पण ही यादी खोक्यावर चालवताना चुकतो. त्याला वाटतं की नाव सापडलं म्हणजे चोरी सापडली. नाव किती ग्रॅमचं आहे हे तो कधी पाहत नाही.

ते पाहायला मला शेजारच्या बाईंनी शिकवलं. त्या निवृत्त होण्याआधी सीरिअलच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये होत्या. एका संध्याकाळी त्यांनी माझ्याच स्वयंपाकघरातलं खोकं उलटं करून टेबलावर ठेवलं. एका सर्व्हिंगचं वजन ४० ग्रॅम. कर्बोदकं ३३ ग्रॅम, त्यात फायबर ३, एकूण साखर ९, त्यातली वरून घातलेली ८. सोडियम २०० मिलिग्रॅम. घटकांची यादी अशी: ओटचं पीठ, मक्याचं पीठ, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, सफरचंदाच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट, मीठ, मग स्वाद आणि जीवनसत्त्वं.

"आधी मीठ शोध," त्या म्हणाल्या. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते हे मला माहीत होतं. मिठाचा उपयोग खुणेच्या दगडासारखा होतो, हे माहीत नव्हतं. सोडियमला अडीचने गुणलं की मिठाचा अंदाज येतो, २०० मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम. सोडियम थोडं खाण्याच्या सोड्यातूनही येऊ शकतं, त्यामुळे मीठ याहून जास्त नसतं, जरासं कमी असू शकतं. आता मिठाच्या पुढे जे लिहिलंय ते साधारण अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त, मिठाच्या मागे जे लिहिलंय ते नक्की त्याहून कमी.

या खोक्यात माल्टोडेक्स्ट्रिन मिठाच्या बरंच पुढे होतं आणि साखरेच्या लगेच मागे. वरून घातलेली साखर ८ ग्रॅम, ती साखर, डेक्स्ट्रोज आणि कॉन्सन्ट्रेट या तिघांत वाटलेली. शेवटच्या दोघांचा किमान वाटा वजा केला तर नुसती साखर फार तर ७ ग्रॅम. माल्टोडेक्स्ट्रिन त्याहून जास्त असू शकत नाही. म्हणजे अर्धा ते सात ग्रॅम, यापलीकडे यादी काही सांगत नाही. बाईंनी अनुभवाने तीन धरले. मग ८ आणि ३ मिळून ११ ग्रॅम, म्हणजे ४० ग्रॅमच्या सर्व्हिंगमधला चौथ्या हिश्शाहून जास्त भाग. हे चार घटक यादीत एकाच नावाने लिहिले असते तर मक्याच्या पिठाच्याही वर गेले असते का? जाऊ शकले असते. वेगवेगळी नावं घेऊन विखुरल्यामुळे ते खाली राहिले आणि धान्य वर दिसलं.

ही मिठाची युक्ती एका ठिकाणी फसते. अमेरिकेत यादीच्या शेवटी 'पुढील प्रत्येक घटक २ टक्के किंवा त्याहून कमी' अशा अर्थाची ओळ आली, की तिच्यानंतर उतरता क्रम पाळायचं बंधन नसतं. मीठ त्या ओळीनंतर असेल तर खूण म्हणून त्याचा उपयोग नाही. तेव्हा एवढंच कळतं, की ४० ग्रॅममध्ये त्या प्रत्येक घटकाचं वजन ०.८ ग्रॅमच्या आत आहे.

मी बाईंना विचारलं, हे सगळं आम्हाला फसवायलाच घालतात ना? त्या थोड्या दुखावल्या. डेक्स्ट्रोज त्यांनी स्वतः मोजून घातलेलं होतं. भट्टीत फ्लेक्सना तपकिरी रंग आणि भाजका वास डेक्स्ट्रोजने लवकर येतो, साध्या साखरेने तसा येत नाही. माल्टोडेक्स्ट्रिनमुळे स्वाद चिकटतो, वरचा थर पातळ आणि कडक बसतो, दुधात कुरकुरीतपणा टिकतो. चवीला ते जेमतेम गोड. त्यांचं म्हणणं मला पटलं, पण अर्धंच. घटकाला काम असतं हे खरं, पण चार गोड घटक चार नावांनी लिहिल्यावर खोक्याच्या दर्शनी बाजूला धान्याचीच कणसं छापता येतात, हेही खरं. यावर आमचं दोघींचं अजून एकमत झालेलं नाही.

ग्रुपवर हे लिहिलं तर काकांनी वेगळंच विचारलं. त्यांना मधुमेह आहे. "साखर न घातलेलं" असं छापलेलं सीरिअल त्यांनी खाल्लं, एकूण साखर होती १ ग्रॅम, आणि दोन तासांनी मीटरवरचा आकडा नेहमीपेक्षा बराच चढला. म्हणजे खोक्यावर खोटं लिहिलंय का? मी फोटो मागवला. यादीत माल्टोडेक्स्ट्रिन तिसरं. कर्बोदकं ३४, फायबर २. म्हणजे पचणारी ३२ ग्रॅम, आणि त्यातली साखर फक्त एक. उरलेली ३१ ग्रॅम पीठ आणि माल्टोडेक्स्ट्रिन. आकडा खोटा नव्हता, काकांनी चुकीची ओळ वाचली होती. मधुमेहात पाहायची ओळ एकूण कर्बोदकांची.

पण सगळा दोष माल्टोडेक्स्ट्रिनवर टाकायला मी धजत नाही. शिजवून, लाटून, भाजून केलेल्या मक्याच्या फ्लेक्सचाच ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे रक्तातलं ग्लुकोज किती वेगाने चढतं याचं माप, ८०च्या आसपास असतो, त्यात काहीही वेगळं घातलेलं नसलं तरी. काकांचा आकडा पिठाने किती चढला आणि माल्टोडेक्स्ट्रिनने किती, हे खोक्यावरून कळायचा मार्ग नाही. काकू म्हणाल्या, बंदच करा ते. काका अजून एकदा मोजून पाहणार आहेत.

आता भाचीच्या 'तिकडे' आणि 'आपल्याकडे'बद्दल. मामेभाऊ म्हणतो, अमेरिकेसारखं लेबल आणा. पण वरून घातलेल्या साखरेची ओळ भारताच्या २०२०च्या लेबलिंग नियमांतही आहे, आणि दिवसाचा संदर्भ आकडाही तोच, ५० ग्रॅम. उलट एका बाबतीत मला घरचं लेबल जास्त आवडतं. तिथे पोषणाचे आकडे सहसा १०० ग्रॅमला दिलेले असतात. इथे सर्व्हिंगवर चालतं, आणि सर्व्हिंगचं वजन सीरिअलच्या जडपणावर ठरतं. फुलवलेल्या हलक्या दाण्यांना १५ ग्रॅम, फ्लेक्सना ४०, जड ग्रॅनोलाला ६०. तीन खोकी शेजारी ठेवली की तिन्हींचे आकडे वेगळ्या मापाचे. मी दुकानात उभी राहून मोबाइलवर भागाकार करते. भाचीला तो करावा लागत नाही.

भारतात गेली काही वर्षं वाद खोक्याच्या पुढच्या बाजूचा आहे. सप्टेंबर २०२२च्या मसुद्यात पदार्थ किती पौष्टिक यावरून तारे द्यायचं घाटत होतं. जुलै २०२४ मध्ये एकूण साखर, मीठ आणि संपृक्त चरबी ठळक, मोठ्या अक्षरांत छापायचा प्रस्ताव आला. मोठी अक्षरं मला हवीच आहेत. पण काकांच्या खोक्यावर ती मोठ्या अक्षरांत '१ ग्रॅम' असंच सांगतील. म्हणून अक्षरांच्या आकारासोबत माझ्या आणखी दोन मागण्या आहेत. एक, कॅनडात करतात तसं साखरेच्या जातीचे सगळे घटक यादीत 'साखर' या एकाच शब्दापुढे कंसात एकत्र लिहायचे, म्हणजे त्यांची बेरीज होऊन जिथे बसते तिथे ती दिसेल. दोन, माल्टोडेक्स्ट्रिन किती ग्रॅम, हे वेगळं छापायचं. अमेरिकेतही ते छापत नाहीत, आणि मला ते इथेही हवंय.

काल भाचीने तिच्या घरातल्या खोक्याचा फोटो पाठवला. मामेभावाने माल्टोडेक्स्ट्रिनभोवती लाल गोल काढलेला होता. मी सोडियम पाहिलं: १०० ग्रॅमला ४०० मिलिग्रॅम, म्हणजे मीठ फार तर एक ग्रॅम. माल्टोडेक्स्ट्रिन मिठाच्या मागे होतं. शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमही नाही. यादीत दुसऱ्या क्रमांकावर साध्या, सरळ अक्षरांत 'साखर' लिहिलं होतं, आणि वरून घातलेल्या साखरेच्या ओळीत २६ ग्रॅम. तो आकडा कुणीच गोलात घेतला नव्हता. मी फोटोवर तिथे दुसरा गोल काढून ग्रुपवर परत पाठवला आहे.