ओव्हरची नोट ‘नीट’ लिहायची म्हणजे नक्की काय करायचं?

नाशकात पाऊस लांबला की मेडिकल वॉर्ड डेंगीने भरतो, हे इथल्या प्रत्येक सिस्टरला माहीत आहे. एका बाजूला नाइट संपवून निघालेली मुलगी, दुसऱ्या बाजूला द्वारकेच्या सिग्नलला अडकलेली मॉर्निंगची. मग ओव्हर समोरासमोर व्हायच्या ऐवजी व्हॉट्सॲपवर होतो आणि मॉर्निंगची सिस्टर तोच मेसेज ‘जरा नीट करून’ केसपेपरवर उतरवते. मी बरीच वर्षं वॉर्ड इन्चार्ज म्हणून या नोटा वाचते आहे. त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे की घाईचा मेसेज जेवढा धोक्याचा नसतो, तेवढी त्याच्यावरून केलेली गुळगुळीत नोट असते. मेसेज वाचणाऱ्याला निदान एवढं तरी दिसतं की हा घाईत लिहिलाय, विचारून घ्यायला हवं. सुंदर अक्षरातली नोट पाहून कुणी काही विचारत नाही.

एक नमुना घेऊ. पेशंट आणि आकडे मी समजावण्यासाठी बनवले आहेत, पण असे मेसेज तुमच्याही ग्रुपवर असतील.

“७ नं. डेंगी ताप उतरला आता ठीक. प्लेट ४२. बीपी ओके. पोट थोडं दुखतंय उलटी २. आरएल चालू. लघवी झाली. डॉ. ना सांगितलंय. सीबीसी बघ. निघते गं बस आहे.”

आता याची नेहमीची ‘नीट’ नोट बघा. (प्रत्यक्षात आपण इंग्रजीत लिहितो, इथे सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत देते.) “रुग्णाचा ताप उतरला असून प्रकृती स्थिर आहे. रक्तदाब सामान्य. प्लेटलेट्स ४२,०००, डॉक्टरांना कळवले आहे. आरएल सुरू. लघवी समाधानकारक. सौम्य पोटदुखी, दोन उलट्या. सीबीसी रिपोर्ट पाहावा.”

व्याकरण शुद्ध, शब्द वैद्यकीय. आणि यात चार गोष्टी अशा आहेत ज्या नाइटच्या सिस्टरने कधी सांगितल्याच नव्हत्या. ‘ठीक’चं ‘स्थिर’ झालं, ‘ओके’चं ‘सामान्य’, ‘झाली’चं ‘समाधानकारक’ आणि ‘थोडं’चं ‘सौम्य’. प्रत्येक ठिकाणी अंदाजाला मोजमापाचे कपडे चढवले. राउंडला आलेले डॉक्टर ही नोट वाचून आधी दुसऱ्या बेडकडे वळले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

डेंगीत हे विशेष महाग पडतं, कारण या आजारात ताप उतरणं ही सुटकेची बातमी नसते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि नेमका त्याच सुमारास रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपायला लागण्याचा धोका असतो. पुढचे २४ ते ४८ तास नाजूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनांत धोक्याची लक्षणं दिली आहेत: पोटात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून वगैरे रक्त येणं, सुस्ती किंवा अस्वस्थपणा, आणि प्लेटलेट्स झपाट्याने उतरत असताना हिमॅटोक्रिट चढणं. म्हणजे आपल्या मेसेजमध्ये बातमी होतीच, फक्त ‘आता ठीक’ या दोन शब्दांखाली दबलेली होती.

म्हणून मी म्हणते, नोट सुधारण्याचं पहिलं काम पेनाने होत नाही, प्रश्नाने होतं. सिस्टर बसमध्ये असली तरी फोन लावायचा. टीपीआर शीट आणि इनटेक-आउटपुट चार्ट समोर घ्यायचा. मेसेजमधल्या प्रत्येक विशेषणाला विचारायचं, तू किती आणि किती वाजताची?

‘बीपी ओके’ म्हणजे किती? शीट सांगते, रात्री १२ला ११२/७०, पल्स ९२. सकाळी ६ला १००/८०, पल्स ११४. वरचा आकडा १०० दिसला की आपण सोडून देतो. पण वरच्यातून खालचा वजा करा. रात्री फरक ४२ होता, सकाळी २० उरला. डेंगीत हा फरक २० किंवा त्याखाली येणं हे शॉकच्या वाटेवर असल्याचं चिन्ह मानतात, आणि त्या वेळी वरचा आकडा बऱ्यापैकी टिकून असू शकतो. ‘ओके’ लिहिलं की ही वजाबाकी करायला काही शिल्लकच राहत नाही.

‘लघवी झाली’ म्हणजे किती? चार्टवर रात्री १२ ते ६ मिळून १५० मिली. तासाला २५. पेशंट ६० किलोचा, तासाला किलोमागे अर्धा मिली धरला तर निदान ३० हवेत. झाली खरी, पण कमी झाली.

‘ताप उतरला’ कधी, आणि शेवटची पॅरासिटामॉल कधी? हा प्रश्न बहुतेक जणी विसरतात. गोळी देऊन दोन तास झाले असतील तर ताप नसण्याला फारसा अर्थ नाही. इथे गोळी संध्याकाळी ६ची आणि रात्री ११पासून ताप नाही, म्हणजे गोळीचा असर ओसरल्यावरही पेशंट बिनतापाचाच होता. नाजूक काळ रात्रीच सुरू झाला असं धरून चालायला हवं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘डॉक्टरांना सांगितलंय’. कुणाला, कधी, काय सांगितलं आणि ते काय म्हणाले? फोनवर कळलं की लॅबने ५:३०ला प्लेटलेट्स तोंडी कळवल्या, तेव्हा आरएमओंना फोन झाला, ते “लक्ष ठेवा” म्हणाले. पण ६चं बीपी त्यानंतर घेतलेलं! छापील सीबीसी ६:४५ला आला, त्यात हिमॅटोक्रिट ४६. आदल्या सकाळी ३९ होता. म्हणजे डॉक्टरांना माहीत होता तो फक्त एक आकडा, आणि चित्र बदलवणारे बाकीचे आकडे त्या ‘सांगितलंय’च्या नंतरचे. हे कळल्यावर नोट लिहीत बसायचं नाही. आधी बेडपाशी जाऊन बीपी-पल्स स्वतः घ्यायचं, हातपाय गार आहेत का बघायचं, आरएमओंना बोलवायचं, आणि मग लिहायचं.

आता नोट. आपण जो एसबार म्हणतो, तो मुळात अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून आला आणि तिथल्या कायझर पर्मनंटे या संस्थेने तो दवाखान्यात आणला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७मध्ये ओव्हरसाठी तो सुचवला. आत्ताची स्थिती, मागची पार्श्वभूमी, माझं निरीक्षण, आणि काय हवं, एवढाच त्याचा क्रम. पोरी तो परीक्षेला पाठ करतात, वॉर्डात मात्र चार रकान्यांत तेच ‘स्थिर’ आणि ‘ओके’ भरतात. रकाने भरल्याने काही होत नाही, आत काय लिहिलं ते बघा:

“बेड ७, पुरुष, २८ वर्षे, ६० किलो. डेंगी एनएस१ पॉझिटिव्ह, आजाराचा ५वा दिवस. आत्ता: स. ८:०५ला बीपी ९८/८०, पल्स ११८, हातपाय गार. पहाटे ४पासून पोटात उजवीकडे दुखते, रात्रीतून २ उलट्या. रक्तस्राव दिसत नाही. मागचे: रात्री ११पासून ताप नाही, शेवटची पॅरासिटामॉल काल सायं. ६. बीपी रात्री १२ला ११२/७०, स. ६ला १००/८०. हिमॅटोक्रिट काल ३९, आज ४६. प्लेटलेट्स काल ८८,०००, आज ४२,०००. आरएल १०० मिली/तास. लघवी रात्री १२ ते ६ एकूण १५० मिली. निरीक्षण: धोक्याची लक्षणे आहेत, बीपीतला फरक कमी होत आहे. कळवले: स. ५:३०ला आरएमओंना फक्त प्लेटलेट्स कळवल्या, ‘लक्ष ठेवा’ असे सांगितले (नाइट सिस्टरांकडून फोनवर, ७:५०). ८:०७ला बीपी, हिमॅटोक्रिट, लघवी आरएमओंना कळवले, तातडीने पाहण्याची विनंती केली, त्यांनी आकडे परत म्हणून दाखवले. पुढे: डॉक्टर येईपर्यंत दर १५ मिनिटांनी बीपी-पल्स. फ्लूइडचा दर व पुढच्या हिमॅटोक्रिटची वेळ डॉक्टरांकडून घेणे. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा स्नायूत इंजेक्शन नको.”

यात एकही भारदस्त वाक्य नाही. ‘रक्तस्राव दिसत नाही’ मात्र मुद्दाम आहे, कारण बघितलं आणि नव्हतं हे लिहिल्याशिवाय बघितलंच नाही असं वाचलं जातं. आणि ‘शॉक’ हा शब्द मी लिहिलेला नाही. निदान डॉक्टरांनी करायचं; आपण आकडे असे शेजारी शेजारी ठेवायचे की दिशा लपणार नाही. सुटा १००/८० काही बोलत नाही, ११२/७०च्या शेजारी ठेवला की बोलतो.

कंसातल्या त्या ‘फोनवर, ७:५०’वर माझा फार जोर असतो. रात्रीची माहिती सकाळच्या सिस्टरने स्वतः पाहिल्यासारखी लिहायची नाही. कुणाकडून कळली आणि लिहिली किती वाजता, हे दिसलं पाहिजे. चुकलेला आकडा एका रेघेने खोडायचा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी वेळ आणि सही. व्हाइटनर लावलेली शीट माझ्याकडे आली तर मी परत पाठवते. फोन लागला नाही, आणि शीटवरही आकडा नसेल, तर सरळ लिहावं, ‘स. ६चे बीपी नोंदलेले नाही’. ती रिकामी जागा बघून कुणीतरी बीपी घेईल. ‘बीपी सामान्य’ वाचून घेणार नाही.

व्हॉट्सॲप पूर्ण बंद करा, असं मी म्हणणार नाही. बंद केलं तर तेवढंही कळायचं नाही. पण त्यावर पेशंटचं नाव आणि रिपोर्टचा फोटो नको, बेड नंबर आणि ‘आधी ७ बघ, फोन कर’ एवढं पुरे. बाकीचं केसपेपरवर.

हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा, हे मला दर मीटिंगला विचारलं जातं. बरोबर विचारतात. नाइट ८ला सुटते आणि मॉर्निंग ८ला लागते अशी ड्युटी लावली, तर ओव्हर दोघींपैकी एकीच्या फुकटच्या वेळात होतो, मग तो बसस्टॉपवरून मेसेजनेच होणार. मॉर्निंग ७:४५ला लावा आणि त्या पंधरा मिनिटांचे पैसे द्या. तेवढ्या वेळात ३० बेड नीट होत नाहीत, हे मान्य. म्हणून सगळे सारखे वाटून घेऊ नयेत. रात्रीत ज्यांचे आकडे हलले ते चार-पाच बेड आधी, दोघींनी मिळून, शीट हातात घेऊन बेडपाशी. बाकीच्यांचे चार्ट मॉर्निंगवालीने नंतर एकेक करून बघितले तरी चालतील.