पेन्शन आहे म्हणून दर कमी?

"वय ६०. ॲल्युमिनियम डाय कास्टिंगमध्ये ३४ वर्षं काढली, शेवटचं पॅकेज वर्षाला २४ लाख. भोसरीचे एक कारखानदार म्हणतात, आठवड्यातून तीन दिवस या, लीक टेस्टमधलं रिजेक्शन खाली आणा, महिना ३५ हजार देतो. घरचे म्हणतात, घरी बसण्यापेक्षा बरं. हे पैसे कमी आहेत की मलाच हाव सुटली आहे? तुमच्याकडे जर्मनीत अशा माणसाला काय देतात?"

पैसे कमी आहेत, आणि तेही थोडेथोडके नाहीत. आठवड्याचे तीन म्हणजे महिन्याचे तेरा दिवस, दिवसाला २,७०० रुपयेसुद्धा पडत नाहीत. पण जर्मनीतला युरोचा दर रुपयांत करून भोसरीत सांगू नका. इथल्या दरात इथला आरोग्य विमा, इथला कर आणि इथलं घरभाडं असतं. घेण्यासारखी आहे ती इथली, जर्मनीतली, एक सवय.

जर्मनीत निवृत्त तंत्रज्ञापुढे दोन दारं असतात आणि ती एकमेकांत उघडत नाहीत. एक सेवेचं. बॉनमधली एसईएस ही संस्था १९८३ पासून निवृत्त तज्ज्ञांना देशोदेशीच्या छोट्या कारखान्यांत आणि शाळांत पाठवते. प्रवास आणि राहणं-जेवण मिळतं, मानधन नसतं, काम काही आठवड्यांत संपतं. दुसरं दार धंद्याचं. तोच माणूस पुढच्या महिन्यात एखाद्या कंपनीला स्वतंत्र सल्लागार म्हणून बिल लावतो, तेव्हा त्याचं पेन्शन किती हे कोणी विचारत नाही. पुण्यात आपण या दोन्हींच्या मधली तिसरी वाट काढली आहे. बोलणं सेवेचं, अपेक्षा पूर्णवेळ नोकरीची, पैसे खर्चापाण्याचे. माझा विरोध या तिसऱ्या वाटेला आहे. कुदळवाडीतल्या दहा माणसांच्या वर्कशॉपला फुकट मदत करावीशी वाटली तर जरूर करा, पण चार दिवस ठरवून आणि फुकट आहे असं सांगून.

तुमचा प्रश्न इथल्या मराठी इंजिनिअर मंडळींपुढे ठेवला तेव्हा पहिलं मत चिंचवडच्या एका कारखानदारांचं आलं. ते इथे मुलाकडे आले आहेत. "निवृत्त माणसाला ऑफिस नाही, कर्ज नाही, पेन्शन चालू आहे. मी त्याचा पगार का भरू? मला फायदा झाला तर फायद्यातले दहा टक्के देईन." यातलं अर्धं बरोबर आहे. दर तुमच्या गरजेवरून ठरू नये, कामाच्या किमतीवरून ठरावा, हे खरंच. पण मग पेन्शन मधे आणायचं कारणच उरत नाही. शिवाय खासगी कारखान्यातून निवृत्त झालेल्याचं पेन्शन म्हणजे बहुतेकदा पीएफसोबतच्या ईपीएस योजनेचं. १५ हजारांच्या वेतनमर्यादेवर पस्तीस वर्षं धरली तरी ते महिना साडेसात हजार होतं.

मग तुमचा दर किती? २४ लाखांना वर्षाच्या साधारण २४० कामाच्या दिवसांनी भागा, दिवसाचे १०,००० येतात. हा तळ. याच्या खाली गेलात तर नोकरीत असतानापेक्षा स्वस्त झालात, आणि आता पीएफ, ग्रॅच्युइटी, कंपनीची गाडी, मेडिक्लेम यातलं काही नाही. एकट्या सल्लागाराचे वर्षात १०० ते १२० दिवसच बिलात बसतात, बाकीचे भेटीगाठी, कोटेशन, रिपोर्ट आणि रिकाम्या आठवड्यांत जातात. २४ लाखांना १२० ने भागलं तर २०,००० येतात. हे छत. निवृत्तीनंतर जुनं उत्पन्न सगळंच्या सगळं उभं करायचं नसेल तर रिकाम्या दिवसांचा पूर्ण भार गिऱ्हाइकावर टाकायचं कारण नाही. तुमच्यासारख्याने १५,००० सांगावेत, सहा महिन्यांचं नक्की काम असेल तर १२,००० पर्यंत यावं. अर्ध्या दिवसाचा दर निम्मा ठेवू नका. कोथरूडहून भोसरीला जाऊन येण्यात बाकीचा दिवस मोडतो, म्हणून दोन तृतीयांश घ्या.

आता हाच आकडा कारखानदाराच्या बाजूने तपासा, कारण त्याला तुमचं जुनं पॅकेज पटणार नाही, स्वतःचं नुकसान पटेल. धरून चालू की महिन्याला २०,००० हाउसिंग, म्हणजे ॲल्युमिनियमची कवचं, निघतात आणि मशीनिंगनंतर लीक टेस्टला ९ टक्के पडतात, म्हणजे १,८०० नग. भंगार वितळवून धातू परत मिळतो, पण भट्टीचा खर्च, मशीनचा वेळ आणि मशीनिंग वाया जातं. नगामागे ९० रुपये धरले तर महिन्याला १ लाख ६२ हजार गेले. रिजेक्शन ५ टक्क्यांवर आलं तर ८०० नग वाचतात, म्हणजे ७२,००० रुपये. तुम्ही बारा दिवसांचं काम १५,००० दराने सांगितलंत तर १ लाख ८० हजार होतात, ते अडीच महिन्यांत वसूल. हा हिशेब तुम्ही करून नेऊ नका. त्यांच्याच क्वालिटीच्या रजिस्टरमधून त्यांच्यासमोर बसून काढा. नुकसान महिन्याला वीस हजारच निघालं तर हे काम तुमच्या दराचं नाही, आणि ते तिथेच सांगून टाकावं.

इथे श्टुटगार्टजवळच्या फाउंड्रीत तीस वर्षं काढलेल्या एका बाईंनी महत्त्वाची गोष्ट सांगितली. त्यांच्या मते "आठवड्यातून तीन दिवस" ही मागणीच चुकीची आहे, कारण पोरोसिटी, म्हणजे ओतलेल्या धातूत राहिलेली भोकं, हजेरीने जात नाही. पहिले दोन दिवस फक्त निदानाचे. पडलेले वीस-तीस नग कापायचे आणि भोकं बघायची. गोल, गुळगुळीत, चकचकीत असतील तर अडकलेली हवा किंवा वाफ. मग हवा बाहेर जाण्याचे व्हेंट बुजलेत का, डायवर स्प्रे जास्त मारला जातोय का, स्लो शॉटवरून फास्ट शॉट कुठे सुरू होतोय, हे बघायचं. भोकं वेडीवाकडी, खरबरीत आणि जाड बॉसच्या जागी असतील तर ते आकुंचन. मग इंटेन्सिफिकेशन प्रेशर, म्हणजे धातू गोठताना दिलेला जादा दाब, आणि डायचं कूलिंग बघायचं. हे दोन वेगळे न करता पॅरामीटर फिरवत बसलं की एक दोष कमी होतो, दुसरा वाढतो, आणि तीन महिन्यांनी सगळे सल्लागाराकडे बोट दाखवतात. म्हणून त्यांचा आग्रह असा: दोन दिवस निदान, त्याचे पैसे वेगळे, मग दहा दिवसांच्या ट्रायल, मग महिन्यातून दोन दिवस देखरेख. मला हे पूर्ण पटतं. तेरा दिवसांची हजेरी विकली की तुम्ही स्वस्तातले प्लांट मॅनेजर होता, रात्रपाळीचे फोनही तुम्हालाच येतात.

कारखानदाराला द्यायच्या पत्रात त्यांच्या बाजूचीही कामं लिहा. ट्रायलसाठी मशीन किती तास रिकामं देणार, सोबत कोणता इंजिनिअर असणार, डाय दुरुस्तीचा खर्च कोण करणार. मशीनचा दाब साठवणाऱ्या ॲक्युम्युलेटरमधला नायट्रोजन उतरलेला असेल किंवा डाय झिजलेला असेल तर तुमचं ज्ञान तिथेच थांबतं, पुढे पैसे त्यांनी घालायचे असतात. आणि रिजेक्शनचा सुरुवातीचा आकडा कुठे मोजला, कास्टिंगनंतर की मशीनिंगनंतर, किती महिन्यांचा, हे दोघांच्या सहीने आधी लिहून ठेवा.

चिंचवडचे कारखानदार म्हणाले तसा फायद्यात वाटा घ्यावा का, यावर आमचं एकमत झालं नाही. बाईंचा ठाम नकार आहे: डाय दुरुस्त होऊन आला, ऑर्डर घटली, दुसरा पार्ट मशीनवर चढला, की श्रेय कोणाचं हे ठरत नाही. मला ७० टक्के दिवसाच्या दराने आणि ३० टक्के निकालावर चालेल असं वाटतं, पण सुरुवातीचा आकडा लिहिलेला असेल तरच.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका मधेच म्हणाले, "मी तर सोसायटीचे हिशेब बघतो, पाच हजार घेतो, समाधान आहे." समाधान खरं आहे, पण ते सोसायटीचं काम, रविवारी सकाळचं. लाखोंच्या रिजेक्शनची जबाबदारी त्यात नाही.

पैसे वेळेवर न मिळणं हा पुण्यातला खरा त्रास, आणि तिथे तुमच्या हातात एक हत्यार आहे जे फार थोडे निवृत्त लोक वापरतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, करा, ती आधार आणि पॅनवर udyamregistration.gov.in वर फुकट होते, आणि क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. २०२३च्या अर्थसंकल्पापासून असा थकलेला खर्च कंपनीला त्या वर्षाच्या करपात्र उत्पन्नातून वजाही करता येत नाही, तो प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच वजा होतो. म्हणून त्यांचा सीए स्वतःच मार्च संपायच्या आत तुमचं बिल चुकतं करायला सांगतो. बिलातून दहा टक्के टीडीएस कापला जाईल, तो तुमच्या करात जमा धरला जातो. वर्षाची जमा २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. आणि तांत्रिक सल्ल्याच्या जमेतली निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरण्याची सोय आहे, ती तुम्हाला लागू होते का हे सीएला विचारा.

काम शोधायचं असेल तर भोसरीचे हे एकच गृहस्थ कशाला? जुन्या कंपनीचे सप्लायर आणि त्यांचेही सप्लायर ही पहिली जागा. ओईएमच्या, म्हणजे गाड्या बनवणाऱ्या मूळ कंपनीच्या, सप्लायर क्वालिटी विभागातल्या ओळखीच्या माणसाला विचारा की चाकण, रांजणगाव, तळेगाव पट्ट्यात कोणत्या व्हेंडरचं रिजेक्शन त्याला रात्री जागवतं. तो आनंदाने नावं देतो, कारण त्याचं काम हलकं होतं. मराठा चेंबरच्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनच्या पुणे शाखेच्या कार्यक्रमांतही लोक भेटतात, पण तिथून काम यायला वेळ लागतो. जुन्या मालकाने स्पर्धकाकडे न जाण्याचं लिहून घेतलं असेल तर घाबरू नका, नोकरी सुटल्यावरचं तसं बंधन करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही. गुपितं मात्र गुपितंच ठेवावी लागतात. जुन्या कंपनीचे प्रोसेस शीट नव्या कारखान्यात कधीच नेऊ नका.

जर्मनीचं सगळंच चांगलं असं मला म्हणायचं नाही. इथे १ जानेवारी २०२६ पासून निवृत्तिवयानंतर नोकरी करणाऱ्याला महिना २,००० युरोंपर्यंतचा पगार करमुक्त झाला, पण स्वतंत्र सल्लागाराला ही सवलत नाही. एकाच कंपनीत आठवड्याचे तीन दिवस, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच वेळात बसणारा सल्लागार हा नावापुरता स्वतंत्र ठरू शकतो, आणि मग कंपनीला मागची सामाजिक विम्याची वर्गणी भरावी लागते. म्हणून कंपन्या अशा करारांना बिचकतात. पुण्यात एका फोनवर काम सुरू होतं, ही आपली मोठी सोय आहे.

भोसरीच्या गृहस्थांना या आठवड्यात उत्तर द्या: तीन दिवसांची हजेरी जमणार नाही, दोन दिवसांचं निदान ३०,००० रुपयांत करून देतो, कापलेल्या नगांचे फोटो आणि कारणांची यादी लेखी देतो, पुढचं काम ती यादी बघून ठरवू. त्यांनी ३५ हजारांत महिनाभर माणूस मिळतो असं सांगितलं तर मिळूही शकतो, आणि त्यांना तो घेऊ द्या.