समोरासमोर बसवून भांडण मिटत नाही

«दोन माणसं भांडली की केबिनमध्ये समोरासमोर बसवा, चूक कोणाची ते तिथल्या तिथं सांगा आणि हात मिळवायला लावा. दहा मिनिटांत विषय संपतो.» (कारखान्यांच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज)

समोरासमोर बसवायचंच आहे, पण सुरुवातीला नाही. आधीच बसवलं की ज्याचा आवाज मोठा किंवा नोकरी जुनी, त्याचीच बाजू ऐकली जाते.

सोलापुरातल्या एका युनिफॉर्म युनिटचं उदाहरण घेऊ. शाळा उघडायच्या तोंडावरची घाई चालू होती. शर्टांच्या बाह्या एका शेडच्या आणि अंग दुसऱ्या शेडचं निघालं, सगळं उसवावं लागलं, आणि कटिंग मास्तर व शिलाई लाइनच्या सुपरवायझर ताई यांच्यात जुंपली. मास्तर मालकांच्या वडिलांच्या काळापासूनचे, ताई अलीकडच्या. दोघांना लगेच एका टेबलाशी आणलं असतं तर ताई गप्प बसल्या असत्या, आणि ‘मिटलं’ असं समजून सगळे उठले असते.

तिथल्या मॅनेजरनं दोघांना वेगवेगळं ऐकलं. दोघांना सारखाच वेळ दिला आणि प्रश्नही तेच विचारले: काय घडलं, त्यातलं तुम्ही स्वतः काय पाहिलं, त्यानं काम कुठं अडलं, काय बदललं तर तुम्हाला चालेल? मास्तरांची घरची भाषा तेलुगू. राग आला की तीच तोंडात येते, म्हणून त्यांना तेलुगूत बोलू दिलं. प्रत्येकाचं संपल्यावर मॅनेजर आपल्या शब्दांत ते परत सांगायचा आणि ‘हो, हेच’ असं उत्तर येईपर्यंत थांबायचा. ‘तुमचं बरोबर आहे’ हे मात्र दोघांपैकी कुणालाही म्हणाला नाही. ते वाक्य चहाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या लाइनवर पोचतं.

मास्तर म्हणाले, ‘मी प्रत्येक तुकड्याला नंबरचं स्टिकर लावून देतो. लाइनवर ते काढून टाकतात, मग शेड मिसळणारच.’ ताई म्हणाल्या, ‘स्टिकर सुईखाली येतंय, डिंक लागतोय, म्हणून मुली आधीच काढतात. आणि मास्तर समद्यांपुढं मला बोलूलालेत, ते आधी थांबवा साहेब.’

म्हणजे भांडणं दोन होती, एक स्टिकरचं आणि एक अपमानाचं. आता ‘चूक कोणाची’ याचा निकाल काय देणार? दोघंही खरंच बोलत होते. जे बघून ठरतं ते बघावं: मॅनेजरनं न शिवलेलं एक बंडल उघडलं, तर स्टिकर खरोखर शिलाईच्या रेघेवरच होते. ‘मुद्दाम करतात’ हे मात्र कुणालाच बघून ठरवता येत नाही, त्यामुळे ते बाजूला ठेवलं. निकाल दिला की हरलेला माणूस पुढच्या बंडलात उट्टं काढतो, आणि ते पकडताही येत नाही.

एकत्र बैठक त्यानंतर झाली, जेवणाच्या सुट्टीनंतर, मालकांच्या केबिनबाहेर. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये तोडायचं नाही आणि उत्तर देण्याआधी ऐकलेलं सांगून दाखवायचं. मास्तरांना ‘ताईंना चारचौघांत बोललेलं लागलं’ हे स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागलं. तोवर त्यांना ते भांडण स्टिकरचंच वाटत होतं.

हात मिळवले की नाही, मला फारसं महत्त्वाचं वाटत नाही. कागदावर काय उतरलं ते बघा. स्टिकर शिलाईच्या रेघेपासून दूर लावायचं, हे मास्तरांकडे. चेकिंग होईपर्यंत ते काढायचं नाही, हे ताईंकडे. बंडल देताना दोन्हीकडच्या माणसांनी नग मोजून वहीत सही करायची. तक्रार असेल तर मास्तरांनी ताईंना बाजूला घेऊन सांगायची. डिंक कमी लागणारं स्टिकर आणायचं, हे मॅनेजरकडे, कारण अडचणीचा तो भाग दोघांच्याही हातात नव्हता. हे सगळं दोघांनीच सुचवलं होतं. ‘नीट वागायचं’ असलं काही त्यात नव्हतं, कारण ते पाळलं की नाही हे कसं तपासणार?

पुढच्या शनिवारी परत बसायचं तिथंच ठरलं. मेसेजातल्या दहा मिनिटांत हे बसत नाही. वहीत सह्या गाळलेल्या दिसल्या, किंवा मास्तर अजून निरोप तिसऱ्याच्या हाती धाडत असले, तर भांडण आत चालूच आहे असं धरावं.

आणि सगळीच भांडणं अशा बैठकीत आणायची नसतात. मारहाण, धमकी, जातीवरून शिवीगाळ झाली असेल तर मॅनेजरनं मध्यस्थी करू नये, रीतसर कारवाई करावी. बाईनं लैंगिक छळाची तक्रार केली तर 2013 च्या कायद्याप्रमाणे ती अंतर्गत समितीकडे जाते. तिथं चौकशीआधी समेट होऊ शकतो, पण तक्रारदार बाईनं स्वतः मागितला तरच, आणि पैशांच्या तडजोडीवर नाही.